तार सोसायटीची, कनेक्शन ज्याचं त्याचं

सोसायटीच्या ग्रुपवर एक सूचना हमखास येते. प्रत्येक घर इंटरनेटचं वेगळं बिल भरतं, त्यापेक्षा सोसायटीनेच एक मोठं कनेक्शन घ्यावं आणि सगळ्यांना वायफाय द्यावं. सूचना मनापासून केलेली असते आणि कागदावर तिचा हिशोबही जुळतो. दोन विंग, प्रत्येकी ७ मजले, मजल्यावर ४ घरं, म्हणजे ५६ घरं धरू. १००० एमबीपीएसची लाइन सगळ्यांनी एकाच क्षणी वापरली, तरी वाट्याला १८ एमबीपीएस येतात. तेवढ्यात एका घरात उत्तम व्हिडिओ चालतो आणि सगळे एकाच क्षणी वापरत नाहीतच.

अडचण वेगाची नाही, भिंतींची आहे. सामायिक वायफाय म्हणजे प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर एक राउटर. त्याच्या लहरींना काँक्रीटची भिंत आणि लोखंडी सेफ्टी डोअर ओलांडून आतल्या बेडरूमपर्यंत जायचं असतं. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण भिंतीत लवकर विरते. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंत बरी ओलांडते, पण तिथे एकमेकांच्या आड न येणारे चॅनल तीनच आहेत : १, ६ आणि ११. लॉबीतले १४ राउटर आणि लोकांचे घरातले जुने राउटर एवढ्याशा जागेत एकमेकांवर बोलू लागतात. दुसरी अडचण जबाबदारीची. कनेक्शन ज्याच्या नावावर, चौकशी त्याच्याकडे. एखाद्या घरातून ऑनलाइन फसवणूक झाली, तर पोलिसांना आयपी पत्त्यावरून सोसायटीचं नाव मिळेल आणि उत्तर सचिवांना द्यावं लागेल. शिवाय घरगुती प्लॅनच्या अटींत तो इतरांना वाटून देण्याची मुभा सहसा नसते.

म्हणून समितीकडे मागणी करायची ती वायफायची नव्हे, तारेची. पाण्याची मुख्य लाइन सोसायटीची आणि नळ घरमालकाचा, तशीच ही रचना असावी. तळमजल्यावर प्रत्येक विंगला एक फायबरची पेटी आणि तिथून प्रत्येक घरापर्यंत सोसायटीच्या मालकीच्या दोन फायबर. कंपनी कोणती, प्लॅन कोणता, हे ज्याने त्याने ठरवावं. कंपनीचा माणूस पेटीत येऊन त्या घराच्या क्रमांकावर आपली जोडणी देईल. भिंतीला नवं भोक पडणार नाही, गच्चीवरून नवी तार लोंबणार नाही. दर ११ महिन्यांनी बदलणाऱ्या भाडेकरूलाही पहिल्याच दिवशी नेट मिळू शकेल. दुसरी फायबर राखीव : पहिली तुटली तर, किंवा घरात दोन कंपन्या हव्या असतील तर.

या रचनेचा कणा म्हणजे स्प्लिटर. कंपनीची एकच फायबर पेटीपर्यंत येते आणि स्प्लिटर तिच्यातला प्रकाश ३२ वाटांत विभागतो. विंगमधली २८ घरं त्यात बसतात. त्याला वीज लागत नाही. बरेच स्थानिक ऑपरेटर आजही गच्चीवर किंवा डक्टमध्ये विजेवर चालणारा स्विच ठेवून घरोघर तांब्याची लॅन केबल नेतात. लाइट गेली की असा स्विच बंद पडतो आणि पावसाळ्यात वीज कडाडली की त्याचे पोर्ट जळतात. फायबर काचेची असते. आत धातूची आधारतार नसलेली केबल घेतली, तर हा धोका इमारतीत शिरतच नाही. घरातलं यंत्र इन्व्हर्टरवर असलं की लाइट गेल्यावरही नेट चालू राहतं.

प्रकाश विभागला की क्षीण होतो, आणि फसगत होते ती इथे. दर निम्म्या वाटणीला सुमारे ३ डेसिबल जातात. ३२ वाटा म्हणजे पाच वेळा निम्मं, म्हणजे १५. प्रत्यक्षात १७ धरायचे. कंपनीकडून प्रकाश अधिक ३ वर निघाला, स्प्लिटरने १७ खाल्ले, रस्ता आणि सांधे मिळून ३ गेले, तर घरात उणे १७ पोहोचतो. घरातलं यंत्र साधारण उणे २७ पर्यंत काम करतं, म्हणजे १० ची ऐसपैस शिल्लक राहिली. पण ऑपरेटरने तीच फायबर कोपऱ्यावरच्या खांबावर आधीच ८ वाटांत विभागली असेल, तर आणखी साडेदहा जातात आणि शिल्लक संपते. मग कधी नेट चालतं, कधी यंत्रावर ‘LOS’चा लाल दिवा लुकलुकतो, आणि दोष इमारतीच्या वायरिंगला दिला जातो. त्यामुळे ऑपरेटरला पहिला प्रश्न हाच विचारावा : आमच्या गेटशी येणारी फायबर आधी कुठे विभागली आहे का?

उरलेले बिघाड बहुतेक हाताळणीचे असतात. दाराच्या चौकटीशी फायबर कोनात दाबली जाते. ‘जी ६५७ ए२’ प्रकारची फायबर साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वळण सहन करते, साध्या फायबरला त्याच्या चौपट त्रिज्या लागते. हिरव्या टोकाच्या कनेक्टरला निळ्या टोकाचा जोडला, तर तिथेच प्रकाश गळतो. पेटी मीटर रूमजवळ असावी, पण पावसात पाणी साचतं त्या रेषेच्या बरीच वर, आणि केबलची भोकं उंदरांसाठी बुजवलेली.

समितीला पाठवायचा मजकूर थोडका आणि ठराव करता येईल असा हवा. उदाहरणार्थ :

“मा. अध्यक्ष, सचिव व समिती सदस्य, सस्नेह नमस्कार. दोन्ही विंगमध्ये प्रत्येक घरापर्यंत सोसायटीच्या मालकीच्या दोन फायबर टाकाव्यात, असा माझा प्रस्ताव आहे. कृपया तीन दरपत्रकं मागवावीत. केबल, पेटी, सांधे, मजुरी आणि चाचणी यांचे दर वेगळे लिहून घ्यावेत. कोणत्याही एका कंपनीला एकमेव हक्क देऊ नये, किमान दोन कंपन्यांना पेटी खुली ठेवावी. कंपनी निघून गेली तरी इमारतीतली केबल सोसायटीचीच राहील, असं करारात लिहावं. हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ही विनंती. मोजमापासाठी ठेकेदारासोबत फिरायला मी तयार आहे. आपला सभासद.”

सभेत खर्चाचा प्रश्न येईलच. प्रत्येक घराला सारख्याच दोन फायबर मिळतात, म्हणून माझ्या मते वर्गणी चौरस फुटांवर नव्हे, घरटी समान असावी. बंद फ्लॅटनाही केबल आताच टाकावी, कारण एका घरासाठी डक्ट पुन्हा उघडणं महाग पडतं. कुणी विचारेल की एवढं इमारतीच्या काय कामाचं. २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीवरून मानांकन देण्याचे नियम केले, म्हणजे घर घेणारा आता हेही विचारू शकतो. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगावी : रस्त्यावरची केबल खोदकामात तुटली, तर आतल्या चांगल्या फायबरचाही उपयोग नाही. दोन कंपन्यांची अट त्यासाठीच आहे, आणि दोघींच्या केबल शक्यतो वेगळ्या वाटेने आत याव्यात.

ठेकेदाराचा शेवटचा हप्ता चाचणीपर्यंत रोखून ठेवावा. ५६ घरांच्या ११२ फायबर त्याने पॉवर मीटरने एकेक मोजून दाखवायच्या. पेटीपासून घरातल्या सॉकेटपर्यंत घट १ डेसिबलच्या आसपास असायला हवी. एखादी ३ दाखवत असेल, तर कुठेतरी टोक मळलेलं आहे, वळण दाबलेलं आहे किंवा सांधा कच्चा आहे, आणि तो दुरुस्त झाल्याशिवाय सही करू नये. फ्लॅट क्रमांकानुसार केलेली त्या आकड्यांची यादी सोसायटीच्या दप्तरात ठेवावी. पुढे कधी तक्रार आली की त्याच फायबरचं माप पुन्हा घ्यायचं. आकडा तोच असेल तर कंपनीला फोन करायचा, बदललेला असेल तर ठेकेदाराला.