गरब्याच्या ग्रुप फोटोखाली काय लिहायचं?

नवरात्र संपली की कार्यालयाच्या गृहपत्रिकेसाठी फोटो गोळा होतात. आठ-दहा सहकारी, आरसेकाम केलेल्या चणियाचोळ्या, पुरुषांच्या अंगात चुण्यांची केडियुं, मागे मंडपाची रोषणाई. फोटो झकास असतो. पण खाली ओळ येते, ‘नवरात्रीची धमाल, मित्रांची कमाल’. ही ओळ कोणत्याही वर्षीच्या, कोणत्याही फोटोखाली चालेल, आणि तिथेच ती फसते. धमाल तर चेहऱ्यांवर दिसतेच आहे. वृत्तपत्रांत जिला फोटोओळ म्हणतात, तिने फोटोत न दिसणारं सांगायचं असतं: हे कोण, कुठे, कधी.

एक उदाहरण घेऊ. समजा, ठाण्यातल्या एका कार्यालयाच्या लेखा विभागातले सहा जण २६ सप्टेंबर २०२५ रोजी संध्याकाळी बोरिवलीच्या एका मैदानावर गरबा खेळायला गेले. त्यांच्या फोटोखाली ‘नवरात्रीची पाचवी रात्र’ लिहावं, की आणखी काही?

इथे थोडं थांबायला हवं. त्या वर्षी घटस्थापना सोमवारी, २२ सप्टेंबरला झाली आणि तृतीया दोन दिवस आली. त्यामुळे नवरात्र दहा दिवसांची झाली. २६ तारखेची रात्र मोजणीने पाचवी, पण त्या दिवशी सूर्योदयाची तिथी चतुर्थी, आणि सकाळीच पंचमी लागलेली. ‘चतुर्थीची रात्र’ लिहा की ‘पंचमीची रात्र’, वाद होणारच, आणि ‘पाचवी रात्र’ वाचून कुणी पंचमी समजलं तर त्याचा दोष नाही. तारीख लिहिली की प्रश्नच मिटतो. काही वर्षांनी अंक चाळणाऱ्यालाही तीच कामी येते.

रंगांचा गोंधळ याहून मोठा. महाराष्ट्रात दिवसाप्रमाणे ठरलेल्या रंगाचे कपडे घालायची प्रथा दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या उपक्रमातून घरोघरी आणि कार्यालयांत पोचली. हे रंग मुख्यतः वारावरून ठरतात. २६ तारखेला शुक्रवार होता, म्हणून रंग हिरवा. दिवसा कार्यालयात काढलेल्या फोटोत सगळ्या जणी हिरव्या साड्यांत असतील. मैदानावरच्या फोटोत मात्र लाल, पिवळा, निळा असे सगळेच रंग एकत्र येतात, कारण गरब्याच्या पोशाखाला वाराचं बंधन नसतं. दोन फोटो एकाच पानावर असतील तर ‘दिवसा’ आणि ‘संध्याकाळी’ हे दोन शब्द विसरू नयेत. नाहीतर वाचकाला वाटतं, या मंडळींनी हिरव्याचा नियम मोडला.

पुढचा प्रश्न खेळाचा. हातात टिपऱ्या असतील तर तो दांडिया रास. टाळ्या वाजवत, मध्ये ठेवलेल्या दिव्याभोवती किंवा देवीच्या मूर्तीभोवती फेर धरला असेल तर गरबा. जुन्या रिवाजात गरबा आरतीआधी आणि दांडिया आरतीनंतर. मोठ्या मैदानांवर हा क्रम नेहमी पाळला जातोच असं नाही, म्हणून वेळेवरून अंदाज बांधू नये. फोटोतले हात पाहावेत, नाहीतर तिथे असलेल्याला विचारावं. शिवाय सगळे कॅमेऱ्याकडे बघून ओळीत उभे असतील तर ‘गरबा खेळताना’ हे खरं नाही. ‘गरबा खेळून झाल्यावर’ लिहावं.

मग नावं. ती वाचकाच्या डाव्या हाताकडून सुरू करायची, उभे आणि बसलेले वेगळे. इथे मोबाइल एक खोडी काढतो. काही फोनवर समोरच्या कॅमेऱ्याने काढलेला सेल्फी आरशातल्यासारखा उलटा साठवला जातो. अशा वेळी मैदानावरचा क्रम आठवून नावं लिहिली तर मनीषाच्या जागी महेश येतो. मागच्या फलकावरची अक्षरं पाहिली की हे लगेच कळतं: ती उलटी असतील तर फोटोही उलटा. नावं नेहमी छापायच्या फोटोवरूनच लावावीत.

एवढं जमलं की ओळ अशी होते:

‘बोरिवली, २६ सप्टेंबर २०२५: संध्याकाळी गरबा खेळून झाल्यावर लेखा विभागातील सहकारी. उभे, डावीकडून: महेश, मनीषा, फरिदा, सुनील. बसलेल्या: अंजली, जिग्ना. अंजली आणि सुनील यांना बाकीच्यांना तीन टाळीचा गरबा शिकवला तो जिग्ना यांनी, जेवणाच्या सुट्टीत.’

शेवटचं वाक्य या ओळीचा जीव आहे. ते फोटोत दिसत नाही आणि दुसऱ्या कुठल्या विभागाच्या फोटोखाली चालणार नाही. असं वाक्य घरी बसून सुचत नाही; फोटोतल्या कुणाला तरी ‘त्या संध्याकाळी काय झालं?’ एवढंच विचारावं लागतं. छापण्याआधी पूर्ण ओळ त्याच व्यक्तीला वाचायला द्यावी. नावाचं शुद्धलेखन, आडनाव हवं की नको आणि फोटो छापायला सगळ्यांची संमती आहे का, हे तिथेच कळतं. फोटो कुणी काढला तेही तेव्हाच विचारून घ्यावं, कारण तो सातवा सहकारी चौकटीबाहेर राहिलेला असतो आणि त्याचं नाव फक्त या ओळीतच येऊ शकतं.