मालवाहतूक करारातील ‘अपरिहार्य आपत्ती’ : संकट कोणते, सबब कोणती?

दांडी (जि. पालघर), प्रतिनिधी

तारापूर औद्योगिक वसाहतीतून निघालेला कंटेनर चिल्हार फाट्याला महामार्गावर येतो आणि न्हावाशेवा बंदराची वाट धरतो. जहाजासाठी माल स्वीकारण्याची मुदत टळली, तर तो बंदराच्या दाराबाहेरच राहतो आणि वादाला तोंड फुटते. कारखानदार वाहतूकदाराकडे बोट दाखवितो, वाहतूकदार पावसाकडे. अशा वेळी सही करताना सहसा कोणीच न वाचलेले एक कलम बाहेर काढले जाते. त्याचे रूढ नाव ‘फोर्स मॅज्यूर’, म्हणजे अपरिहार्य आपत्ती. आपत्ती मोठी असली की हे कलम आपोआप लागू होते, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती खरी नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२० रोजी दिलेला आदेश या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ‘स्टँडर्ड रिटेल’ व अन्य आयातदारांनी दक्षिण कोरियाच्या ‘जीएस ग्लोबल कॉर्प’कडून पोलाद मागविले होते. माल जहाजावर चढला होता. तेवढ्यात देशभर टाळेबंदी झाली. माल विकता येणार नाही, तेव्हा पतपत्रांवरील रक्कम विक्रेत्याला देऊ नये, अशी आयातदारांची मागणी होती. न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला. करारातील आपत्तीचे कलम फक्त विक्रेत्यापुरते होते; खरेदीदारांना त्याचा आधार घेता येत नव्हता. विक्रेत्याने माल रवाना करून आपले काम पुरे केले होते. शिवाय पोलादाचे वितरण, बंदरे, कंटेनर साठवणुकीची केंद्रे आणि त्यांच्याशी संबंधित वाहनांची ये-जा अत्यावश्यक सेवांमध्ये मोडत होती. टाळेबंदीही मर्यादित काळापुरती होती. शतकातून एखाद्या वेळी येणारी महामारी दारात उभी असताना न्यायालयाने आधी कलमाचे शब्द पाहिले, हे ध्यानात घ्यावे.

कायद्याची चौकट तशी साधी आहे. करारात असे कलम असेल, तर त्याचाच अर्थ लावला जातो आणि भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ३२ विचारात येते. कलम नसेल, तर कलम ५६ उरते. तेथे काम पार पाडणे अशक्य झाले किंवा कराराचा पायाच ढासळला, हे दाखवावे लागते. काम महाग झाले, एवढे पुरत नाही. इंडोनेशियातील कायदा बदलून कोळसा महागला, तेव्हा वीजकंपन्यांनी हाच बचाव पुढे केला होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये तो फेटाळला. डिझेलची दरवाढ याच मापाने मोजली जाईल. मार्ग लांबणे हीदेखील सहसा आपत्ती ठरत नाही. १९५६ मध्ये सुएझ कालवा बंद पडला असता, सुदानचे शेंगदाणे आफ्रिकेला वळसा घालून हॅम्बुर्गला नेता आले असते, म्हणून विक्रेता बांधीलच राहतो, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च पीठाने दिला होता.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. समजा, दांडीच्या एका ट्रकमालकाने बोईसरच्या कारखान्याचा कंटेनर जुलैतल्या एका बुधवारी सायंकाळी सहापर्यंत बंदरात पोहोचविण्याची हमी दिली आहे. करारात ‘पूर’ आणि ‘शासकीय आदेश’ हे शब्द आहेत. बुधवारी पाऊस कोसळला, महामार्गावर पाणी साचले, वाहने तीन तास खोळंबली. एवढ्यावर सुटका होणे कठीण. जुलैत पाणी साचणार, हे अपेक्षितच असते आणि मंगळवारी रात्री गाडी काढता आली असती.

मात्र गाडी मंगळवारी रात्रीच निघाली, पहाटे चारला प्रशासनाने अवजड वाहतूक रात्री दहापर्यंत थांबविली आणि पर्यायी रस्त्यावरही तीच बंदी होती, तर ट्रकमालकाची बाजू भक्कम होते. घटना करारातल्या शब्दांत बसते, ती त्याच्या हातातली नव्हती आणि विलंब नेमका तिच्यामुळेच झाला. पण सवलत बंदी असेपर्यंतचीच. बंदी उठल्यावर चालक शनिवारपर्यंत घरी राहिला, तर ते दिवस मालकाच्या खाती.

संपाचेही असेच. नव्या कायद्यातील अपघातविषयक शिक्षेविरुद्ध चालकांनी १ व २ जानेवारी २०२४ रोजी आंदोलन केले, तेव्हा गाड्या जागीच थांबल्या. करारात ‘संप’ हा शब्द असलेल्यांना त्या काळापुरता आधार होता. मात्र पगार थकविल्यामुळे स्वतःचेच चालक बसले असतील, तर आपत्ती मालकाने ओढवून घेतलेली असते.

हे सारे सिद्ध करण्याची जबाबदारी सूट मागणाऱ्यावर असते. बंदी आदेशाची प्रत, टोल ओलांडल्याच्या वेळेची नोंद, जीपीएसची नोंद आणि पर्यायी मार्ग शोधल्याचा पुरावा त्याच दिवशी जमवावा. अनेक करारांत ठरावीक दिवसांत लेखी सूचना देण्याची अट असते. दूरध्वनीवर कळविले होते, हा खुलासा अशा ठिकाणी तोकडा पडतो आणि रास्त दावाही निव्वळ त्या एका पत्रावाचून हातचा जाऊ शकतो.