नाक नसलेली मुलगी आणि वर्णनाचा कागद

१९६६ साली अमूल लोण्याच्या जाहिरातींचं काम मुंबईतल्या एएसपी या संस्थेकडे आलं. सिल्वेस्टर डाकुन्हा यांनी मोहीम हाती घेतली आणि कलादिग्दर्शक युस्टेस फर्नांडिस यांनी एक लहान मुलगी काढली. त्या काळी होर्डिंगं पेंटर हातानं रंगवत, आणि ती वरचेवर बदलायची होती. म्हणून मुलगी लक्षात राहणारी हवी, तशीच काढायलाही सोपी हवी, असं ठरलं होतं. निळे केस, वर बांधलेली शेंडी, ठिपक्यांची रिबीन, मोठे डोळे, गोबरे गाल, लाल ठिपक्यांचा पांढरा फ्रॉक. आणि नाक नाही.

या वर्णनातला शेवटचा तुकडा सर्वांत मोलाचा आहे. चित्रकार बदलला की नवा माणूस चांगल्याच हेतूनं नाक काढून देतो, पापण्या वाढवतो, गालावर छटा टाकतो. त्यामुळे शुभंकराच्या वर्णनात काय असावं याबरोबर काय नसावं हेही लिहून ठेवावं लागतं. अमूलच्या जाहिरातींत ही मुलगी कधी क्रिकेटपटू होते, कधी साडी नेसते. फ्रॉक जातो, ठिपकेही जातात, पण केस, डोळे आणि चेहऱ्याची गोलाई हलत नाही. जयंत राणे यांनी कित्येक वर्षं तिची चित्रं काढली, आणि वाचकांना ती कायम तीच वाटत राहिली. कोणत्या गोष्टी बांधलेल्या आणि कोणत्या मोकळ्या, हे इतकं स्पष्ट असल्याशिवाय असं घडत नाही.

लहान उद्योगांत हा कागद सहसा नसतोच. समजा, लोणावळ्यातल्या एखाद्या चिक्कीवाल्यानं खार हे शुभंकर निवडलं. पाकीट एका डिझायनरनं केलं, दुकानाची पाटी फ्लेक्सवाल्यानं, इन्स्टाग्रामच्या पोस्ट भाचीनं. तिघांनाही ‘गोंडस, हसरी खार’ एवढंच सांगितलं होतं. सहा महिन्यांनी तीन वेगळ्या खारी तयार! ‘गोंडस’ हे मोजता येत नाही, म्हणून प्रत्येक जण ते आपल्या परीनं काढतो.

मोजता येणारं वर्णन असं लिहिता येईल: पूर्ण उंची अडीच डोकी. शेपटी डोक्याहून उंच, टोक आत वळलेलं. पाठीवर तीनच पट्टे. डोळे म्हणजे काळे भरीव ठिपके, त्यात एकच पांढरा बिंदू. बाह्यरेषा गडद तपकिरी, सगळीकडे सारखी, जाडी डोक्याच्या उंचीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढी. रंग सपाट, सावली नाही, दात नाहीत, कपडे नाहीत. हातातली वस्तू आणि उभं राहण्याची ढब मोकळी. हाच मजकूर, एकही शब्द न बदलता, प्रत्येक नव्या कामाबरोबर जायला हवा.

रेषेची जाडी मिलिमीटरमध्ये न देता प्रमाणात का द्यायची? दहा फुटी पाटीवर दोन मिलिमीटरची रेष दिसणारच नाही, आणि पाकिटावरच्या छोट्या चित्रात तीच रेष तोंड बुजवून टाकेल. शिवाय पाकिटाच्या फिल्मवर छापताना रंग एकमेकांवर अगदी तंतोतंत बसत नाहीत, किंचित सरकतात. गडद, पुरेशी जाड बाह्यरेषा ती फट झाकते. फोनवरच्या प्रोफाइलच्या छोट्या गोलात मात्र पूर्ण खार मावत नाही. तिथं फक्त चेहरा आणि शेपटीचं टोक असलेली दुसरी आवृत्ती आधीच काढून ठेवावी, म्हणजे कोणी घाईत मूळ चित्र कापत नाही.

रंग ठरवताना सुरुवात छपाईपासून करावी. पडद्यावर झळाळणारा नारिंगी चार शाईंच्या छपाईत मळकट उतरतो. उलट, कागदावर नीट उतरणारा रंग पडद्यावर आणणं बहुधा सोपं असतं. म्हणून आधी छापलेला नमुना मंजूर करायचा, मग त्याच्याशी जुळणारा पडद्याचा आकडा ठरवायचा. वर्णनात ‘तपकिरी’ न लिहिता छपाईचं शाईचं प्रमाण आणि पडद्याचा आकडा, दोन्ही लिहायचे.

तिन्ही ठिकाणची चित्रं जुळतात की नाही, हे ओळखायचा एक साधा उपाय आहे. पाकीट, पाटी आणि पोस्ट यांतली चित्रं एकाच आकाराची करून पूर्ण काळी भरावीत. आकृतीवरून खार कोणाची हे कळलं, तर शेपटी आणि डोक्याचं प्रमाण शाबूत आहे. आतले तपशील आणि रंग त्यानंतर तपासावेत.

एक फरक मात्र चित्रकाराच्या हातात नसतो. उन्हात फ्लेक्सवरची किरमिजी आणि पिवळी शाई सहसा आधी उडते, त्यामुळे तपकिरी खार हळूहळू निळसर, राखाडी दिसू लागते. अशा वेळी नव्या पाकिटाचा रंग जुन्या पाटीशी जुळवायला जाणारे दुकानदार पुष्कळ आहेत. तसं केलं की फिका रंगच पुढच्या छपाईत शिरतो, आणि मंजूर नमुन्यापर्यंत परतायला सगळी पाकिटं पुन्हा छापावी लागतात. अशा वेळी पाटी बदलावी, फाइलला हात लावू नये.