ब्लॉक केलेल्याला नेमकं काय कळतं?

चौथीच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यातले एक पालक वर्गशिक्षिकेला रात्री अकरानंतर वेगळे मेसेज पाठवतात. मुलाला गुण कमी का पडले, त्याला मागच्या बाकावर का बसवलं, उत्तर का देत नाही. सकाळी बाईंनी फोन हातात घेतला की आधी त्यांचीच चार-पाच प्रश्नचिन्हं दिसतात. बाईंना हा ताप थांबवायचा आहे, पण पालकसभेला त्याच गृहस्थांसमोर बसायचंही आहे. अशा वेळी मैत्रिणींचे सल्ले ठरलेले असतात. एक म्हणते, “म्यूट कर.” दुसरी म्हणते, “सरळ ब्लॉक कर.” तिसरी इन्स्टाग्राम वापरणारी, ती रिस्ट्रिक्ट सुचवते. बाईंना खरं तर विचारायचं असतं ते वेगळंच: यातलं काहीही केलं, तर त्यांना कळेल का?

म्यूटपासून सुरुवात करू, कारण त्याचा परिणाम सगळ्यात कमी होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एखादं चॅट आठ तास, एक आठवडा किंवा कायमचं म्यूट करता येतं. म्यूट केल्यावर बदल होतो तो फक्त आपल्या फोनवर. मेसेज नेहमीसारखे येतात, पण टिंग वाजत नाही. पाठवणाऱ्याला मेसेज पोचल्याच्या दोन टिका दिसतात. बाई ऑनलाइन आल्या की तेही दिसतं, आणि बाईंनी चॅट उघडलं की टिका निळ्या होतात. म्यूट केलंय हे त्यांना कुठूनही कळत नाही. मात्र ‘बाई ऑनलाइन होत्या, माझा मेसेज काही उघडला नाही’ हे नक्की कळतं. रात्री अकराला प्रश्नचिन्हं पाठवणारा माणूस चिडतो तो बहुधा यावरूनच. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. म्यूटने मेसेजचा आवाज बंद होतो, फोनचा नाही. त्याच माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल आला तर घंटी वाजतेच.

ब्लॉकचं काम कंपनीच्या सर्व्हरवर होतं. बाईंनी ब्लॉक केल्यानंतर त्या पालकांचा मेसेज त्यांच्या फोनवरून निघतो, पण बाईंपर्यंत येत नाही. त्यांना एकच टिक दिसते आणि ती एकच राहते. पुढे बाईंनी ब्लॉक काढला, तरी मधल्या काळातले मेसेज येत नाहीत. ते गेले ते गेलेच. त्यांना बाईंचं लास्ट सीन दिसत नाही, ऑनलाइन दिसत नाही, नवं स्टेटस दिसत नाही, बदललेला फोटो दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅप कॉल केला तर तो लागत नाही. आणि हे दोन्ही बाजूंनी आहे: ब्लॉक काढल्याशिवाय बाईंनाही त्यांना मेसेज पाठवता येत नाही. जुनं चॅट मात्र दोघांच्याही फोनमध्ये जसंच्या तसं राहतं.

‘तुम्हाला ब्लॉक केलं आहे’ अशी सूचना व्हॉट्सअ‍ॅप कधीच देत नाही. कंपनीने हे मुद्दाम संदिग्ध ठेवलं आहे आणि तसं उघड सांगितलंही आहे. ब्लॉक करणाऱ्याला त्याचा त्रास होऊ नये हा हेतू. त्यामुळे ब्लॉकची प्रत्येक खूण दुसऱ्याही एखाद्या कारणाने दिसू शकते. एक टिक म्हणजे फोन बंद असेल, नेट नसेल, माणूस रेंज नसलेल्या गावी गेला असेल. लास्ट सीन आता कित्येक जण सगळ्यांपासूनच लपवतात. ज्यांनी स्वतःचं लपवलंय, त्यांना दुसऱ्यांचंही दिसत नाही. फोटो दिसत नसेल तर त्या व्यक्तीने तो फक्त आपल्या कॉन्टॅक्ट्सपुरता ठेवला असेल आणि तुमचा नंबर तिच्याकडे साठवलेला नसेल. कॉल करताना पडद्यावर ‘कॉलिंग’ राहिलं आणि ‘रिंगिंग’ झालं नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की कॉल समोरच्या फोनपर्यंत पोचला नाही. बंद फोनचंही तसंच होतं.

मग लोकांना कळतं कसं? एका खुणेवरून कळत नाही. दोन खुणांचा मेळ बसत नाही, तेव्हा कळतं. आपल्या पालकांचंच पाहा. सोमवारी रात्री त्यांनी मेसेज टाकला, एक टिक. त्यांना वाटलं, बाईंचा फोन बंद असेल. मंगळवारी सकाळी वर्गाच्या ग्रुपवर बाईंचीच सूचना आली: उद्या चित्रकलेचं साहित्य आणावं. म्हणजे फोन चालू आहे, नेट आहे, व्हॉट्सअ‍ॅपही आहे. तरी सोमवारचा मेसेज एका टिकेवरच अडकलेला. फोन बंद असता, तर तो मेसेज सर्व्हरवर थांबला असता आणि फोन सुरू होताच पोचला असता. न पोचलेला मेसेज व्हॉट्सअ‍ॅप 30 दिवसांपर्यंत राखून ठेवतं. ग्रुपवर बाई हजर आणि खासगीत बेपत्ता, याचा सरळ अर्थ गृहस्थ काढतात आणि तो बरोबर असतो. ब्लॉकची ही मर्यादा महत्त्वाची आहे: सामाईक ग्रुपवर त्याचा परिणाम होत नाही. दोघंही त्या ग्रुपमध्ये असतील, तर एकमेकांचे मेसेज दोघांनाही दिसत राहतात. भाऊबंदांचा ग्रुप असो, सोसायटीचा असो की शाळेचा, ब्लॉक उघडा पडण्याची हीच सगळ्यात साधी जागा.

शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरचा ब्लॉक फक्त व्हॉट्सअ‍ॅपपुरता असतो. साधा फोन आणि एसएमएस चालू राहतात. ते फोनच्या सेटिंगमध्ये वेगळे बंद करावे लागतात. ब्लॉक नंबरला लागतो, माणसाला नाही, म्हणून बायकोच्या फोनवरून किंवा नव्या सिमवरून तोच माणूस पुन्हा येऊ शकतो. त्रास देणारे लोक तर यूपीआयने एक रुपया पाठवून त्याच्या टिपणाच्या जागेत दोन ओळी लिहूनही पाठवतात.

रिस्ट्रिक्टची युक्ती या दोन्हींपेक्षा वेगळी आहे, आणि ती समजून घ्यायला इन्स्टाग्रामकडे जावं लागतं. 2019 मध्ये इन्स्टाग्रामने ही सोय आणली. कारण कंपनीने तेव्हा सांगितलं होतं: शाळा-कॉलेजातली मुलं छळणाऱ्याला ब्लॉक करायला कचरतात, कारण ते त्याला कळतं आणि प्रकरण चिघळतं. विशेषतः तोच मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात भेटणार असेल तर.

म्हणून रिस्ट्रिक्टमध्ये त्या माणसाला सगळं चालू असल्यासारखं दिसतं. समजा एका मुलीने वर्गातल्या एका मुलाला रिस्ट्रिक्ट केलं. त्याने तिच्या फोटोखाली कमेंट लिहिली, तर त्याला ती स्वतःच्या पडद्यावर जागेवर दिसते. बाकी कुणालाही दिसत नाही. मुलीला ती पाहून मंजूर करता येते, पुसता येते किंवा तशीच पडू देता येते. त्याचे खासगी मेसेज नेहमीच्या यादीत न येता विनंत्यांच्या यादीत जातात आणि त्याची सूचना तिला येत नाही. ते वाचले तरी त्याला ‘सीन’ दिसत नाही. ती इन्स्टाग्रामवर आहे की नाही, हेही त्याला कळत नाही.

इथे एक मोठा गैरसमज होतो. रिस्ट्रिक्ट केलं की तो आपले फोटो पाहू शकणार नाही, असं अनेकांना वाटतं. तो पाहू शकतो. पोस्ट, स्टोरी, सगळं त्याला पूर्वीसारखंच दिसतं. रिस्ट्रिक्ट त्याचं बोलणं अडवतं, पाहणं नाही. ज्याने आपले फोटो पाहूच नयेत असं वाटतं, त्याच्यासाठी ही सोय चुकीची आहे. आणि रिस्ट्रिक्ट कळतच नाही, असंही नाही. त्या मुलाने मित्राचा फोन घेऊन तोच फोटो उघडला आणि आपली कमेंट तिथे नाही असं पाहिलं, तर त्याला शंका येणारच.

इन्स्टाग्रामवरचा ब्लॉक याच्या उलट आहे. तो फारसा लपत नाही. एकमेकांना फॉलो करणं तुटतं, प्रोफाइल शोधून सापडत नाही, फोटोंवरचे त्याचे जुने लाइक आणि कमेंट नाहीसे होतात. मित्राच्या फोनवर तेच प्रोफाइल व्यवस्थित उघडलं, की खाते बंद केलेलं नाही, आपल्यालाच ब्लॉक केलंय हे कळतं. पुढे ब्लॉक काढला तरी ते लाइक, कमेंट आणि फॉलो आपोआप परत येत नाहीत. म्हणजे ‘दोन दिवस ब्लॉक करून मग काढू’ हा बेत इन्स्टाग्रामवर खूण मागे ठेवूनच जातो.

ब्लॉक हा शब्द सगळीकडे सारखा असला तरी अर्थ सारखा नाही, हे एक्सवरून, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरून, चांगलं दिसतं. तिथे ब्लॉक केलेल्याने प्रोफाइल उघडलं, तर ब्लॉक केल्याचं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि नोव्हेंबर 2024 पासून ब्लॉक केलेला माणूस तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचूही शकतो. फक्त त्यांना उत्तर देऊ शकत नाही, लाइक करू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपची सवय झालेल्याला हे चमत्कारिक वाटेल.

आता बाईंकडे परत येऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर रिस्ट्रिक्ट नावाचं बटन नाही, पण त्याच्या जवळपास जाता येतं. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये लास्ट सीन आणि फोटोसाठी My contacts except... असा पर्याय आहे. तिथे त्या एका पालकाचं नाव निवडता येतं, आणि स्टेटसमधूनही त्यांना वगळता येतं. ऑनलाइन दिसणंही लास्ट सीनच्या सेटिंगला जोडता येतं. चॅट म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकलं की ते समोर येत नाही. एवढं केल्यावर पालकांना दोन टिका दिसतात, पण बाई कधी ऑनलाइन होत्या ते दिसत नाही. चिडायला कारण उरत नाही, आणि बाईंना सोयीच्या वेळी, शाळेच्या तासांत, एक उत्तर देता येतं. ग्रुपवर त्या नेहमीसारख्या असतात, त्यामुळे काही जुळत नाही असंही वाटत नाही.

हे पुरतं ते आगाऊपणाला. मेसेजमध्ये धमकी, अश्लील मजकूर किंवा पैशाची मागणी असेल, तर समोरच्याला कळेल की नाही याचा विचार मागे ठेवून ब्लॉक करावं. पण आधी नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट केलं, तर त्या माणसाने पाठवलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात आणि त्याला ते कळवलं जात नाही. रिपोर्ट करताना चॅट पुसण्याचा पर्याय समोर येऊ शकतो. पुरावा हवा असेल तर त्याला हात लावू नये. ब्लॉक केलं म्हणजे तक्रार झाली असं नाही. तक्रार पोलिसांकडे किंवा cybercrime.gov.in वर करावी लागते, आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करावा लागतो.