"समजलं का?" विचारू नका, पोरीकडून सांगून घ्या

ताईंनो, पावसाळा तोंडावर आला की आपल्या बैठकीत जुलाबाचं व्याख्यान ठरलेलं असतं. सिस्टर येतात, आशाताई येतात, ओआरएसचं पाकीट दाखवतात, अर्धा-पाऊण तास बोलतात आणि शेवटी विचारतात, "समजलं का सगळ्यांना?" आपण सगळ्या एका सुरात "हो" म्हणतो. त्या "हो"मधून काहीच कळत नाही. ऐकलेलं ओळखीचं वाटलं तरी माणूस "हो"च म्हणतो. आणि ताम्हिणीच्या पावसात, रात्री लेकराला पातळ जुलाब सुरू झाले, घाटात दरड आली, गाडी मिळेना, तर सकाळपर्यंत तुमच्या घरात जे माहीत आहे तेवढ्यावरच भागवायचं असतं.

म्हणून या वेळी एक काम सांगते. व्याख्यान ऐकून आलात की ते दहा वर्षांच्या पोरीला सांगता येईल असं कागदावर उतरवा. मग खरंच एखाद्या पोरीला सांगा आणि तिच्याकडून परत ऐका. दहाच वर्षांची का? तिला मोठे शब्द कळत नाहीत, ती तुमचा मान राखायला मान डोलवत नाही आणि "पण का?" विचारायला लाजत नाही. शिवाय आपण शेतावर असतो तेव्हा धाकट्याजवळ तीच असते.

आधी वही मिटा. व्याख्यानातलं जे आठवतं ते पाच-सहा ओळींत लिहा. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी शेजारणीला तोंडी सांगावं, तिनं लिहावं. वहीत बघून लिहिलं तर सिस्टरांचीच वाक्यं कागदावर येतात, तुम्हाला काय कळलं ते येत नाही. बहुतेकींच्या कागदावर साधारण असं येईल:

"जुलाबात निर्जलीकरण होते. क्षार कमी होतात. ओआरएस योग्य प्रमाणात द्यावे. झिंकची गोळी द्यावी. स्वच्छता पाळावी."

चूक एकही नाही. पण पोरीच्या हातात हा कागद दिला तर ती काय करेल? "निर्जलीकरण" डोळ्यांना दिसत नाही आणि "योग्य प्रमाण" हाताला कळत नाही. म्हणून अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा आणि त्याच्या जागी दिसेल, मोजता येईल असं काहीतरी लिहा. निर्जलीकरण म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं: तोंड कोरडं पडतं, लघवी कमी होते, डोळे खोल जातात, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर पटकन सपाट होत नाही. योग्य प्रमाण म्हणजे मोठं पाकीट सगळंच्या सगळं, एक लिटर पिण्याच्या पाण्यात.

रेघ मारलेल्या एखाद्या शब्दाला साधा शब्द सापडत नसेल, तर ते तुम्हालाच नीट कळलेलं नाही असं धरा. त्यापुढे फुली मारा आणि पुढे चला. ही फुली फार कामाची आहे, तिच्याकडे नंतर येऊ.

आता प्रश्नोत्तरं लिहा. पोर जिथे "का?" विचारेल तिथे तुम्हीच "का?" लिहून ठेवा. माझ्या कागदावर ते असं आलं:

पोर: बाळाला जुलाब झाले तर पाणी कशाला द्यायचं? अजून पातळ होईल की.

ताई: पाणी नाही दिलं तरी जुलाब होणारच. अंगातलं पाणी बाहेर चाललंय. घागरीला भोक पडलंय असं समज. भोक बुजेपर्यंत वरून ओतत राहायचं, नाहीतर घागर रिकामी होईल.

पोर: मग साधंच पाणी देते.

ताई: पाण्याबरोबर अंगातलं मीठही जातं. ते पण परत द्यायला हवं.

पोर: मग मीठ-पाणी देते. साखर कशाला?

इथे पुष्कळ जणी अडतात. "साखरेनं ताकद येते" किंवा "चव येते" असं उत्तर येतं. चव येते हे खरं, पण साखर त्यासाठी नाही. आतड्याच्या भिंतीतून मीठ आत घ्यायला एक वाट अशी आहे की तिथून मीठ आणि साखर जोडीनंच जातात. जुलाबातसुद्धा ही वाट बहुतेक चालू राहते. जोडी आत गेली की पाणी तिच्या मागोमाग आत जातं. पोरीला सांगताना एवढंच सांगा: मीठ एकटं नीट आत जात नाही, साखरेचा हात धरून जातं, आणि पाणी दोघांच्या मागून.

हे एक "का" कळलं की प्रमाणाचा हट्ट का, तेही आपोआप कळतं. साखर जास्त झाली तर ती उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर ते लेकराच्या जिवाला धोक्याचं. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवलं तर नेमकं हेच होतं: औषध घट्ट आणि खारट झालं, पाणी मात्र पुरेसं गेलंच नाही. बाजारात छोटी पाकिटंही मिळतात, ती एका पेल्यासाठी, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यासाठी असतात. म्हणून पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते पोरीलाच मोठ्यानं वाचायला लावा. (दुकानातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, हेही तिला सांगा.)

कागद झाला की पोरीला समोर बसवून वाचून दाखवा. मग कागद बाजूला ठेवा आणि म्हणा, "आता तू मला सांग, मी काही माहीत नसलेली शेजारीण आहे." ती भरभर तुमचीच वाक्यं म्हणून दाखवेल. त्यावर खूश होऊ नका, शाळेत पाठांतराची सवय असतेच. तिला कागदावर नसलेला प्रश्न घाला.

"घरात अर्ध्या लिटरचीच बाटली आहे. काय करशील?" अर्धं पाकीट टाकते म्हणाली, तर तिला प्रमाण कळलेलं नाही, कारण अर्धं पाकीट अंदाजानं नीट मोजता येत नाही. दोन बाटल्या मोजून मोठ्या भांड्यात ओतते आणि पाकीट पूर्ण टाकते म्हणाली, तर कळलं.

"बाळाला चव आवडेना, अजून साखर टाकू का?" नाही.

"चार पेले दिले, तरी जुलाब थांबले नाहीत. पाकीट फुकट गेलं का?" हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ओआरएस जुलाब बंद करत नाही, गेलेलं पाणी भरून काढतं. हे ज्या घरात कळलेलं नसतं तिथे दोन पेल्यांनंतर "काही फरक नाही" म्हणून देणं बंद होतं आणि लेकरू खरं तेव्हापासून सुकायला लागतं. घागरीची गोष्ट कळलेली पोर म्हणेल, "भोक अजून बुजलं नाही, ओतत राहायचं."

पाठ असणं आणि पटणं यातला हा फरक बांगलादेशात फार मोठ्या प्रमाणावर दिसला. तिथे ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या १९८० पासून दहा वर्षं घरोघर जाऊन बायकांना घरचं पाणी शिकवत होत्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. किती घरं केली यावर त्यांचा पगार ठरत नव्हता. नंतर दुसरं माणूस काही निवडक घरी जायचं, बाईला प्रश्न विचारायचं, तिच्याकडून पाणी बनवून घ्यायचं. तिला जितकं आलं तितके शिकवणारीला पैसे. तरी सुरुवातीला असं दिसलं की बायकांना सगळं येतंय, पण जुलाब झाल्यावर फार थोड्या जणी ते पाणी देतायत. शोध घेतला तर शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. मग त्यांना हे पाणी अंगात कसं काम करतं ते नीट समजावलं, आणि शिकवताना त्या स्वतः ते पिऊन दाखवू लागल्या. म्हणजे साखरेच्या त्या "का"पाशी तिथलं कामही अडलं होतं.

आता त्या फुल्यांकडे. पोर जिथे अडली आणि तुम्हालाही सांगता आलं नाही, तिथे मनानं उत्तर जोडू नका. सोपं करण्याच्या नादात खोटं सांगितलं जातं, "ओआरएस म्हणजे जुलाब थांबवायचं औषध" हे त्यातलंच. फुल्या घेऊन आशाताईंकडे जा. "परत एकदा सगळं सांगा" असं म्हणू नका, नेमकं तेवढंच विचारा. अशा प्रश्नांची उत्तरं ही:

किती द्यायचं? प्रत्येक पातळ शौचानंतर, दोन वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, त्यापुढच्या मुलाला अर्धा ते एक कप, घोट घोट किंवा चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत हळूहळू सुरू करायचं. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करायचं नाही. झिंकची गोळी आशाताई सांगतील तशी १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

पोरीच्या कागदावर एक गोष्ट मात्र "का?"शिवाय, ठळक लिहा, कारण तिथे तिनं विचार करत बसायचं नाही, मोठ्या माणसाला हाक मारायची. बाळ पीत नाही, मलूल पडलंय, हाकेला ओ देत नाही, सगळं उलटून पडतंय, शौचात रक्त आहे, किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं आहे. यातलं काहीही असलं तर दवाखाना, आणि वाटेत पिऊ शकत असेल तर पाजत पाजत. आपला कागद डॉक्टरांच्या जागी नाही, दवाखान्यापर्यंत पोचेपर्यंतचा आहे.

शेवटी पोरीकडून हातानं करून घ्या. हात साबणानं धुणं, पाणी मोजणं, पाकीट पूर्ण रिकामं करणं, ढवळणं, झाकण. सरावासाठी पाकीट फोडायची गरज नाही, नुसतं पाणी मोजून घेतलं तरी ती कुठे चुकते ते दिसतं. बहुतेक पोरी पाणी अंदाजानं ओततात, तिथे थांबवा आणि बाटलीवरची लिटरची खूण शोधायला लावा. भांड्यावर बनवल्याची वेळ खडूनं लिहायला सांगा, २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं आणि नवीन करायचं.

पुढच्या बैठकीला तुमचे कागद आणि न सुटलेल्या फुल्या घेऊन या. सिस्टरांना आधी फुल्या वाचून दाखवू, व्याख्यान त्यानंतर.