मानेतली गाठ आणि पॅथॉलॉजिस्टचे पत्र

मानेतल्या गाठीचा तुकडा पॅथॉलॉजी लॅबमध्ये पोचला की काही दिवसांत अहवाल येतो आणि त्यावरून उपचार ठरतात. कधी मात्र अहवालात ठाम निदान नसते. त्याऐवजी पॅथॉलॉजिस्ट सर्जनला पत्र लिहितो, की मिळालेल्या तुकड्यावर निदान करता येत नाही, आणखी ऊती हवी. रुग्णाच्या घरच्यांना हे पत्र म्हणजे लॅबची टाळाटाळ किंवा पहिल्या डॉक्टरची चूक वाटते. बहुतेक वेळा ते दोन्ही नसते. तुकड्यात जे नाही ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकत नाही, एवढेच ते पत्र सांगते, आणि त्यातला प्रत्येक मुद्दा पुढच्या शस्त्रक्रियेच्या कामाचा असतो.

नमुन्यादाखल चोवीस वर्षांची एक तरुणी घेऊ. डाव्या हासळीच्या वर तीन सेंटीमीटरची गाठ, दोन महिन्यांपासून वाढणारी, न दुखणारी. संध्याकाळी कणकण, रात्री घाम, वजन उतरलेले. आपल्याकडे असे वर्णन ऐकले की पहिले नाव येते टीबीचे. मानेतल्या टीबीच्या गाठींना जुन्या मराठीत गंडमाळा म्हणत, इतका हा आजार ओळखीचा आहे. पण हीच सगळी लक्षणे लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगातही दिसतात. सर्जनने जाड सुईने गाठीचे तीन तुकडे काढून पाठवले. प्रत्येक तुकडा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा, शेवयीच्या तुकड्याएवढा. त्यांतला एक तर नुसत्या चरबीचा निघाला.

उरलेल्या दोन तुकड्यांत लिम्फोसाइट पेशींची गर्दी होती, मधूनमधून इओसिनोफिल पेशी होत्या आणि दोन ठिकाणी ग्रॅन्युलोमा होते. ग्रॅन्युलोमा म्हणजे संरक्षक पेशींनी एकत्र येऊन बांधलेली बारीक गुठळी. टीबीत ती हमखास दिसते आणि तिच्या मध्यभागी बऱ्याचदा पनीरसारखा मृत भाग असतो. इथे तो नव्हता, आणि टीबीच्या जंतूंसाठी केलेल्या रंगकामातही जंतू दिसले नाहीत. एका काचेवर मात्र दोन केंद्रकांची एक मोठी पेशी होती. हॉजकिन लिम्फोमाच्या पेशीची शंका यावी अशी. त्या पेशीची ओळख पटवण्यासाठी ब्लॉकमधून आणखी काप घेतले, तोवर ती पेशी संपून गेली होती.

ही अडचण समजायला ब्लॉक म्हणजे काय ते पाहावे लागते. तुकडा मेणात बसवून त्याचे तीन ते चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. कागदावर हिशेब केला तर एक मिलिमीटरमधून अडीचशे काप निघावेत. प्रत्यक्षात तुकडा मेणात थोडा तिरका बसतो, त्यामुळे पृष्ठभाग सपाट करण्यातच काही ऊती खर्च होते. नंतर तोच ब्लॉक यंत्रावर पुन्हा चढवला की आणखी थोडी जाते. नेहमीचे रंगकाम, जंतूंचे रंगकाम आणि पेशींवरच्या प्रथिनांच्या चाचण्या, प्रत्येकीला वेगळा काप लागतो. लिम्फोमाची शंका असेल तर अशा प्रथिनांच्या चाचण्या सहज सात-आठ होतात. मोठी पेशी असते काही कापांपुरतीच.

शिवाय हॉजकिनमध्ये कर्कपेशी असतातच विरळ. गाठीतल्या पेशींमध्ये त्यांचे प्रमाण बऱ्याचदा शंभरात एकाहूनही कमी असते, बाकीची गर्दी निरोगी पेशींची. पत्रातला सर्वांत महत्त्वाचा इशारा मात्र ग्रॅन्युलोमाबद्दलचा आहे. हॉजकिनच्या गाठीतही कर्कपेशींच्या आसपास ग्रॅन्युलोमा तयार होऊ शकतात. सुई नेमकी त्यांच्यातून गेली, तर तुकड्यावर टीबीसारखे चित्र दिसते आणि सहा महिन्यांची टीबीची औषधे सुरू होतात. गाठ मात्र वाढत राहते. ही गफलत जुनीच म्हणावी लागेल, कारण व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये या मोठ्या पेशींचे बारकाईने वर्णन केले, तेव्हा त्यांनाही हा आजार टीबीचाच एक वेगळा प्रकार वाटला होता. १९०२ मध्ये बाल्टिमोरच्या डोरोथी रीड यांनी तो टीबीहून वेगळा असल्याचे दाखवून दिले. त्या पेशी आजही रीड-स्टर्नबर्ग याच नावाने ओळखल्या जातात.

म्हणून पत्रात मागणी असते ती पूर्ण गाठीची. सुईने आणखी दोन तुकडे घेऊन फारसे साधत नाही. लिम्फोमाचे निदान पेशीच्या रूपावर होते तसेच गाठीच्या रचनेवरही होते. पेशींचे गोळे झालेत का, त्यांच्यामध्ये तंतूंचे पट्टे आहेत का, गाठीचे आवरण जाड झाले आहे का, हे शेवयीएवढ्या तुकड्यात कळत नाही. त्यासाठी गाठ शक्यतो अख्खी, आवरणासकट हवी. अनेक गाठी असतील तर हाताला सहज लागणारी छोटी गाठ सोडून सर्वांत मोठी किंवा वेगाने वाढलेली काढावी. चिमट्याने दाबू नये, कारण लिम्फोसाइट नाजूक असतात. दाब पडला की त्यांच्या केंद्रकांच्या निळ्या रेघा होतात आणि त्यातून काहीच वाचता येत नाही.

पत्राचा पुढचा भाग गाठ पाठवण्याबद्दल असतो, आणि बरेचदा काम बिघडते ते इथेच. ऑपरेशन थिएटरमध्ये सवयीने गाठ थेट फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडते. फॉर्मॅलिन ऊती टिकवते, पण जंतूही मारते, त्यामुळे त्या तुकड्यावर टीबीचे कल्चर करता येत नाही. फ्लो सायटोमेट्री या चाचणीला जिवंत पेशी लागतात, तीही हुकते. यासाठी आधी लॅबला फोन करून गाठ सलाइनने ओल्या केलेल्या गॉझमध्ये, निर्जंतुक डबीतून, ताबडतोब पाठवायची असते. लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट ती कापतो, कापलेला भाग काचेवर हलकेच टेकवून ठसा घेतो, एक भाग कल्चर आणि जीनएक्सपर्टसाठी, एक फ्लो सायटोमेट्रीसाठी बाजूला काढतो आणि उरलेले पातळ काप ऊतीच्या किमान दहापट फॉर्मॅलिनमध्ये ठेवतो. अख्खी गाठ छोट्या बाटलीत कोंबली तर औषध आतपर्यंत पोचायच्या आधीच तिचा मध्यभाग खराब होऊ लागतो.

शेवटी एक विनंती असते: गाठ निघेपर्यंत स्टेरॉइड सुरू करू नयेत. स्टेरॉइडने अनेक लिम्फोमांतल्या पेशी झपाट्याने मरतात, गाठ आक्रसते आणि तपासायला नुसता मृत भाग उरतो. ‘बघू तरी’ म्हणून टीबीची औषधे देण्यातही असाच धोका असतो. श्वासनलिकेवर दाब येण्यासारखी तातडी असेल तर गोष्ट वेगळी; मग उपचार थांबवता येत नाहीत आणि पॅथॉलॉजिस्टला तसे कळवावे लागते.

या तरुणीची गाठ पुढच्या आठवड्यात अख्खी काढली, असे धरू. कापल्यावर आत पांढरट पट्ट्यांनी विभागलेले गोळे दिसले. त्यांत रीड-स्टर्नबर्ग पेशी सापडल्या, सीडी ३० आणि सीडी १५ या दोन्ही चाचण्यांत त्या रंगल्या. जीनएक्सपर्टमध्ये टीबी निघाला नाही. निदान झाले नोड्युलर स्क्लेरोसिस प्रकारच्या हॉजकिन लिम्फोमाचे. कल्चरचा निकाल यायला मात्र सहा आठवडे लागतात, म्हणून अहवालात त्यासमोर ‘प्रतीक्षेत’ अशी नोंद राहते.

प्रत्येक वेळी पूर्ण गाठ काढणे शक्य नसते. ती छातीत खोल किंवा पोटात मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून असेल, तर सोनोग्राफी किंवा सीटीच्या मदतीने जाड सुईनेच जास्त तुकडे घ्यावे लागतात. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट अहवालात तुकडे किती होते, कोणत्या चाचण्या झाल्या आणि कोणत्या ऊतीअभावी राहिल्या, हे लिहून ठेवतो.