शीट सेव्ह करताना काय टिकते, काय जाते

स्प्रेडशीटच्या एका चौकटीत तीन गोष्टी असतात: सूत्र, त्यातून निघालेली किंमत आणि ती पडद्यावर कशी दिसावी याची सूचना. एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काच्या शीटमध्ये चार सदनिका प्रत्येकी 615 चौरस फुटांच्या आहेत आणि दर चौरस फुटाला 3.25 रुपये आहे, असे धरू. चौकटीतले सूत्र `=C2*3.25`, किंमत 1998.75, पण पैसे दाखवायचे नाहीत असे ठरवल्यामुळे दिसतात 1,999. फाइल कोणत्या प्रकारात सेव्ह केली, यावर या तिन्हींपैकी काय टिकणार ते ठरते.

एक्सेलच्या `.xlsx` मध्ये तिन्ही टिकतात. लपवलेले स्तंभही टिकतात, आणि ते कोणालाही पुन्हा उघडता येतात. म्हणून सभासदांचे मोबाइल क्रमांक लपवून ही फाइल ग्रुपवर टाकणे म्हणजे ते क्रमांक वाटण्यासारखेच आहे. मॅक्रो मात्र या प्रकारात राहत नाहीत, त्यासाठी `.xlsm` लागते. लिब्रेऑफिसच्या `.ods` मध्येही सूत्रे आणि मांडणी टिकते. एक्सेलमधून तिकडे नेताना सजावट थोडीफार बदलू शकते.

पीडीएफ फक्त दिसणे जपते, आणि ते उत्तम जपते. देवनागरी फाँट सहसा फाइलमध्येच बसवला जातो, त्यामुळे दुसऱ्याच्या फोनवर तो नसला तरी अक्षरे तशीच दिसतात. लपवलेला स्तंभ छापला जात नाही, म्हणून तो पीडीएफमध्येही जात नाही. सूत्रे मात्र संपतात, आणि इथे एक अडचण उभी राहते. चार सदनिकांची खरी बेरीज 7,995 आहे, पण समोर दिसणारे चार 1,999 कॅल्क्युलेटरवर मिळवले तर 7,996 येतात. सभासदाला हिशेब चुकलेला वाटतो, आणि त्याच्या हातात सूत्र नसल्याने कारण शोधायलाही वाव नसतो. उपाय पीडीएफ करण्याआधीच करावा लागतो: सूत्र `=ROUND(C2*3.25,0)` असे लिहिले की किंमत आणि दिसणे एकच होते.

रुंद शीटचे शेवटचे दोन स्तंभ वेगळ्या पानावर जाणे ही पीडीएफची नेहमीची तक्रार. Page Layout मध्ये Width `1 page` आणि Height `Automatic` ठेवले की रुंदी एका पानात बसते. स्तंभ अरुंद असल्याने पडद्यावर `####` दिसत असेल, तर पीडीएफमध्येही बहुधा तेच उतरते आणि तो आकडा वाचणाऱ्याला कायमचा दुरावतो.

सीएसव्ही हा सर्वांत साधा प्रकार. त्यात नुसती अक्षरे, आकडे आणि त्यांच्यामध्ये स्वल्पविराम असतात. एक्सेल त्यात समोरची एकच शीट उतरवते, बाकीच्या वगळते. आणि सूत्राऐवजी दिसणारा मजकूर लिहिते, म्हणजे 1998.75 नव्हे, `"1,999"`. नुसता CSV निवडला तर विंडोजवर मराठी नावांच्या जागी बहुतेकदा प्रश्नचिन्हे येतात, आणि ती आली की मूळ अक्षरे त्या फाइलमध्ये उरलेलीच नसतात. त्यासाठी `CSV UTF-8` हा पर्याय घ्यावा लागतो. याउलट नावांच्या जागी `à¤` अशी चिन्हे दिसली तर घाबरू नये: बहुधा अक्षरे शाबूत असतात, फक्त वाचताना चुकीची लिपी-संकेतपद्धती लागलेली असते.

सर्वांत मोठे नुकसान सेव्ह करताना नव्हे, तर सीएसव्ही पुन्हा उघडताना होते. बँक खात्याचा `004510110001234` हा क्रमांक फाइलमध्ये बरोबर असतो. डबलक्लिक केल्यावर एक्सेल त्याला संख्या समजते, सुरुवातीची शून्ये गाळते आणि `4.51011E+12` दाखवते. त्याच अवस्थेत फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर हीच अक्षरे लिहिली जातात आणि मधले आकडे परत मिळत नाहीत. म्हणून संशय आल्यास फाइल आधी नोटपॅडमध्ये पाहावी. तिथे क्रमांक पूर्ण दिसला तर काही बिघडलेले नाही. मग एक्सेलमध्ये Data मधून `From Text/CSV` ने ती आणून त्या स्तंभाचा प्रकार Text करावा. लिब्रेऑफिस उघडतानाच स्तंभांचा प्रकार विचारते, हे अधिक सोयीचे आहे.

जुन्या `.xls` प्रकाराची मर्यादा वेगळी आहे: एका शीटवर 65,536 ओळी. `.xlsx` मध्ये 10,48,576 मावतात. 2020च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाइल जुन्या `.xls` साच्यात भरल्या जात होत्या. सीएसव्हीला ओळींची मर्यादा नसते, साच्याला होती. जागा संपल्यावर पुढच्या नोंदी आत आल्याच नाहीत. कोरोनाचे 15,841 रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोधही लांबला.